रद्दीचा ताव आणि तीन धागे: नववीच्या प्रकल्पाचा अनुभव

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीच्या शाळेतून निरोप आला. तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी दोघा-दोघांच्या जोड्या करायच्या आणि शुक्रवारपर्यंत विषय लिहून द्यायचा. लेक आणि तिची मैत्रीण यांनी ‘टाकाऊ कागदापासून हातकागद’ असं लिहून दिलं. सोमवारी तो कागद परत आला. खाली सरांनी लाल पेनाने लिहिलं होतं, ‘कागद करणे ही कृती झाली. तुम्ही मोजणार काय?’

त्या एका ओळीमुळे पुढचे तीन महिने आमचं स्वयंपाकघर, गच्ची आणि माझे रविवार या कामात गेले. हातकागद कसा करायचा हे सांगणारं भरपूर सापडतं. पण त्यात दुसरे धागे मिसळून कागदाची ताकद आणि पाणी शोषण्याची क्षमता घरच्या घरी कशी मोजायची, याबद्दल मराठीत मला फारसं काही मिळालं नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

सरांना शाळेत जाऊन भेटले. ते म्हणाले, “ताई, आधी कागद म्हणजे काय ते मुलींना कळू दे. मग काय मोजायचं ते त्यांनाच सुचेल.” फळ्यावर आडव्यातिडव्या रेघा काढून त्यांनी दाखवलं. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. त्यात वेगळा डिंक लागत नाही. ओला ताव सुकताना पाणी निघून जातं, तंतू एकमेकांजवळ ओढले जातात आणि जिथे ते चिकटतात तिथे हायड्रोजन बंध तयार होतात. पुन्हा भिजवलं की हे बंध सुटतात, म्हणून तर रद्दीचा लगदा होतो. पण दर फेरीत तंतू थोडे तुटतात आणि सुकून ताठरतात. पूर्वीसारखे फुगत नाहीत, त्यामुळे नीट चिकटतही नाहीत. रद्दीचा कागद कमजोर का असतो आणि त्यात नवा धागा का घालायचा, याचं उत्तर इथेच होतं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे कारागीर पूर्वी जुनी गोणपाटं आणि दोरखंड कुटून कागद करायचे, हेही सरांनी जाता जाता सांगितलं. मुलींना तेवढ्यावरून धीर आला.

धागे ठरवायला वेळ लागला नाही. आम्ही जळगावचे. घड उतरवल्यावर केळीची खोडं बांधावर पडून असतात आणि कापूस तर घराघरात. तिसरा म्हणून नारळाचा काथ्या घेतला, कारण तो दिसायला सगळ्यांत दणकट. लेकीने वहीत आधीच अंदाज लिहून ठेवला होता: काथ्याचा कागद सर्वांत मजबूत निघेल. मीही तेच म्हटलं असतं.

मूळ लगद्यासाठी वर्तमानपत्र घ्यायचं की वहीची पानं, यावर चर्चा झाली. लाकडाच्या तंतूंना चिकटवून ताठ ठेवणारं लिग्निन वर्तमानपत्राच्या कागदात बरंच असतं, शाईने लगदा करडा होतो आणि तंतूही आखूड. म्हणून गेल्या वर्षीच्या वह्यांची पानं घेतली. पुठ्ठा, स्टेपलच्या पिना आणि गुळगुळीत मुखपृष्ठ काढून टाकलं. एकाच कंपनीच्या वह्या घ्या, निदान सगळी पानं एकत्र फाडून नीट कालवून ठेवा. नाहीतर फरक धाग्यामुळे पडला की वहीमुळे, हे शेवटपर्यंत कळणार नाही.

चौकट करून घेतली सुताराकडून. आतून २० बाय १५ सेंटिमीटरच्या दोन सारख्या चौकटी, एकीवर डासांच्या खिडकीची नायलॉन जाळी ताणून ठोकलेली, दुसरी कोरी. दोन्ही मिळून ३५० रुपये घेतले. लग्नपत्रिका छापणाऱ्यांची जाळी फुकट मिळत होती, पण ती फार बारीक. तिच्यातून पाणी लवकर गळत नाही आणि ताव उचलायला मिनिटं लागतात.

केळीचा धागा काढणं हे या प्रकल्पातलं सगळ्यांत चिकट काम. ओळखीच्या शेतकरी दादांकडे खोड मागितलं तर ते हसून म्हणाले, “एकच? ट्रॅक्टर भरून न्या ना.” बाहेरचे दोन-तीन सोप टाकून द्यायचे, कारण ते सुकून काळे पडलेले असतात, आणि अगदी आतला गाभा पाणचट असतो. मधले सोप घ्यायचे. हातभर लांबीच्या पट्ट्या पाटावर ठेवून बोथट सुरीने ओढत गेलं की गर निघून पांढरट धागे उरतात. जुने कपडे घाला, केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत. एका खोडापासून आम्हाला लागणाऱ्या धाग्याच्या कितीतरी पट धागा निघाला.

हा धागा तसाच लगद्यात टाकून चालत नाही. त्याला धरून ठेवणारे पेक्टिन वगैरे सुटण्यासाठी तो सोड्यात शिजवावा लागतो. कारखान्यात कॉस्टिक सोडा वापरतात, पण सरांनी त्याला सरळ नाही म्हटलं. मुलांच्या प्रकल्पात तो आणायचाच नाही. आम्ही धुण्याचा सोडा वापरला. ५० ग्रॅम सुका धागा साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे करून, दीड लिटर पाणी, १५ ग्रॅम सोडा, आणि मंद आचेवर दोन तास. भांडं स्टीलचंच हवं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा खातो आणि पाणी काळं पडतं. गच्चीवर शेगडी मांडली, हातमोजे घातले आणि ढवळायचं काम मीच केलं, मुलींना दोन हात लांब ठेवून. वास उकडलेल्या भाजीसारखा, पण उग्र.

मग धुणं. सोडा पूर्ण निघाला की नाही हे कसं ओळखायचं? लेकीने हळद आणली. सोड्याच्या पाण्यात हळद लाल होते हे त्यांनी आम्ल-आम्लारीच्या धड्यात केलेलं होतं. प्रत्येक धुण्यानंतरच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकायची आणि ती पिवळीच राहिली की थांबायचं. त्यानंतर धागा धोपाटण्याने अर्धा तास कुटला. कुटल्याने तंतूंच्या अंगावरून बारीक तुसं सुटतात आणि ती तुसंच शेजारच्या तंतूला धरतात. पुरेसं कुटलं का, हे बघायला चिमूटभर धागा काचेच्या पेल्यात पाण्यात घालून हलवायचा. गुंता किंवा काड्या दिसल्या तर अजून कुटायचं, पाण्यात धुक्यासारखा पसरला की झालं.

कापसाची वेगळीच गंमत. घरचा सरकी काढलेला कापूस पाण्यावर तरंगत राहिला, बुडेचना. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. औषधाच्या दुकानातल्या कापसातून तो काढून टाकलेला असतो, म्हणून तो लगेच पाणी पितो. आम्ही सरळ दुकानातला कापूस घेतला. तो अर्धा सेंटिमीटरपर्यंत कात्रीने बारीक करावा लागतो. लांब ठेवला तर पाण्यात त्याच्या वाती वळतात आणि तावात गाठी दिसतात. काथ्या मात्र दोरी उलगडून, कापून, केळीसारखाच सोड्यात शिजवला. दोन तासांनीही तो होता तसाच ताठ. काथ्यात लिग्निन खूप असतं आणि धुण्याच्या सोड्याला ते सहज दाद देत नाही.

आता खरी अडचण. टबात लगदा कालवून चौकट बुडवायची आणि उचलायची, ही नेहमीची पद्धत. पण तशाने एक ताव जाड तर एक पातळ येतो. जाड ताव जास्त वजन पेलणारच, त्यात धाग्याचं कौतुक काय? सरांनी सुचवलं की प्रत्येक तावात लगदा मोजूनच घाला. हिशेब असा केला. एका तावाला ३ ग्रॅम सुका माल. दहा तावांचा एक घाणा म्हणजे ३० ग्रॅम. साध्या कागदासाठी ३० ग्रॅम वहीची पानं, आणि बाकी तिन्हींसाठी २७ ग्रॅम पानं व ३ ग्रॅम धागा. शिजवून कुटलेला धागा सुकवून मगच तोलायचा, ओला तोलला तर निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. पानं रात्रभर भिजवून मिक्सरमध्ये थोडी थोडी फिरवली, दर वेळी सारखाच वेळ. धागा मिक्सरमध्ये अजिबात घालायचा नाही. तो पात्याला गुंडाळतो, मोटर जळू शकते, आणि मुद्दाम लांब ठेवलेला धागा तुकडे होऊन बसतो तो वेगळाच. तो बादलीत नंतर हाताने मिसळायचा आणि पाणी घालून एकूण तीन लिटर करायचं. मग ३०० मिलिलिटरचा एक मग म्हणजे एक ताव.

वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा उपयोगी नाही, तो एक ग्रॅमच्या खाली बघतच नाही. जळगावात सराफांची कमी नाही. ओळखीच्या सराफ काकांनी दोन धागे तोलून दिले, पण प्रत्येक वेळी त्यांना त्रास कुठे देणार? शेवटी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा खिशातला काटा ४५० रुपयांना घेतला. सगळ्या खर्चात हाच मोठा. दोन-तीन जोड्यांनी मिळून घेतला तरी चालेल.

ताव धरायची रीत अशी. पसरट टबात पाणी घ्यायचं, जाळीची चौकट आणि तिच्यावर कोरी चौकट घट्ट दाबून पाण्यात धरायची, म्हणजे आत दोनेक इंच पाणी येतं. त्यात एक मग लगदा ओतायचा, बोटांनी हलकेच ढवळायचं आणि चौकट सरळ वर उचलायची. पाणी गळलं की कोरी चौकट काढून जाळी ओल्या सुती कापडावर उलटी करायची, मागून स्पंजने पाणी टिपायचं आणि एका कडेने जाळी सोडवायची. मगभर लगदा घेण्याआधी दर वेळी बादली ढवळणं महत्त्वाचं. धागा तळाला बसतो आणि शेवटच्या तावांत त्याचा भरणा होतो. ताव सुकल्यावर खिडकीसमोर धरून बघायचा. प्रकाश सगळीकडे सारखा दिसला तर चांगला, ढगासारखे गडद-फिके पट्टे असले तर तो ताव चाचणीतून बाद.

दाबही सारखाच द्यावा लागतो, कारण दाबाने तंतू जवळ येतात आणि ताकद वाढते. दोन फळ्यांमध्ये कापडासकट ताव ठेवून वर पाण्याने भरलेला २० लिटरचा कॅन अर्धा तास. त्यानंतर कापडासकटच फॉर्मायकाच्या टेबलावर चिकटवून सावलीत सुकवायचं, म्हणजे चुण्या पडत नाहीत.

पहिला घाणा सप्टेंबरअखेर झाला. परतीचा पाऊस सुरू होता. ताव तीन दिवस सुकले नाहीत आणि एकावर बुरशीचा ठिपका आला. दिवाळीच्या सुटीत हवा कोरडी झाल्यावर साधे ताव पुन्हा केले. पहिल्या घाण्याच्या पट्ट्या मुलींनी पावसातच ताणून पाहिल्या होत्या, आता नव्या तावांच्याही ताणल्या. पावसाळी दिवशी तोडलेली पट्टी कोरड्या दिवशीच्या पट्टीपेक्षा लवकर तुटली होती. हवेतला ओलावा कागदात शिरतो आणि बंध सैल करतो. प्रयोगशाळांत यासाठी तापमान आणि आर्द्रता ठरवून दिलेली खोली असते. आपल्याकडे ती नाही, तर निदान चारही प्रकारांचे ताव एकाच खोलीत दोन दिवस शेजारी ठेवायचे आणि एकाच दुपारी तपासायचे.

आणखी एक गोष्ट वजनात दिसली. ३ ग्रॅम माल घातला, पण सुकलेला साधा ताव सुमारे २.७ ग्रॅमचाच भरत होता. टबातलं पाणी दुधाळ झालेलं. वहीच्या कागदात पांढरेपणासाठी खनिज भुकटी घातलेली असते, बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट. ती आणि बारीक तुकडे जाळीतून निसटतात. धाग्याच्या तावांत ती किंचित जास्त अडकते. म्हणजे मोजून घातलं तरी ताव तंतोतंत सारखे होत नाहीत. यावरचा उपाय पुढे येतोच.

ओढून तोडण्याची चाचणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी केली. तावाच्या जाड कडा सोडून मधल्या भागातून स्टीलच्या पट्टीने आणि कटरने १५ मिलिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापल्या. वरचं टोक खिडकीच्या गजाला बांधलेल्या रुंद क्लिपमध्ये, खालचं दुसऱ्या क्लिपमध्ये, आणि तिला छोटी बादली. क्लिपच्या दातांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, नाहीतर पट्टी तिथेच चिरते. बादलीखाली चार बोटांवर उशी. मग नळीने बारीक धारेने पाणी सोडायचं आणि पट्टी तुटताक्षणी नळी बाजूला. बादली, पाणी आणि खालची क्लिप मिळून जे वजन ते त्या पट्टीचं. क्लिपच्या तोंडाशी तुटलेली पट्टी धरायची नाही. प्रत्येक प्रकाराच्या दहा चांगल्या पट्ट्या होईपर्यंत लेक आणि मैत्रीण दोघी भिजून चिंब.

तावांच्या वजनातला फरक कसा घालवायचा? यासाठी कागदाच्या धंद्यात एक सुंदर माप आहे: तुटण्याची लांबी. कागदाची पट्टी उंचावरून लोंबत सोडली तर किती लांब झाल्यावर ती स्वतःच्याच वजनाने तुटेल, एवढंच ते विचारतं. साधा कागद घ्या. पाच पट्ट्यांचं मिळून वजन १.०१ ग्रॅम आणि लांबी ७५ सेंटिमीटर, म्हणजे एक मीटर पट्टी १.३५ ग्रॅमची. ती सरासरी १६२० ग्रॅमला तुटली. १६२० भागिले १.३५, म्हणजे १२०० मीटर. केळीची एक मीटर पट्टी १.४० ग्रॅम आणि तुटली २१०० ग्रॅमला, म्हणजे १५०० मीटर. पट्टी जाड असेल तर वजनही जास्त पेलते आणि भागाकारात तिचं वजनही जास्त येतं, त्यामुळे जाडीचा फायदा निघून जातो. नववीच्या मुलांना एकक वगैरेची भीती न घालता हे समजतं. लेकीने तर गणपतीच्या मिरवणुकीच्या मार्गावर १२०० मीटर कुठपर्यंत येतात तेही शोधलं.

कापसाचा कागद आला १००० मीटर. साध्याहून कमी. आणि काथ्याचा फक्त ८०० च्या आसपास. मुलींचे चेहरे पडले. “आई, काहीतरी चुकलंय, पुन्हा करूया.” पुन्हा केलं, आकडे जवळपास तेच. मग तुटलेल्या कडा भिंगाखाली पाहिल्या. काथ्याच्या पट्टीत काथ्या तुटलाच नव्हता. तो अखंड बाहेर डोकावत होता, आजूबाजूचा कागद त्याला सोडून गेला होता. काथ्याचं एक केस म्हणजे खरं तर आखूड पेशींची लिग्निनने चिकटलेली जुडी. ती जाड, ताठ, अंगाला तुसं नाहीत. ती कुणाला धरत नाही आणि मध्ये बसून बाकीच्यांनाही जवळ येऊ देत नाही. धागा किती दणकट हा प्रश्न इथे गौण ठरला, तो शेजाऱ्याला किती धरतो हे महत्त्वाचं. कापूस शुद्ध सेल्युलोज असूनही आम्ही तो फक्त कापला होता, कुटला नव्हता. कारखान्यात चिंध्यांचा लगदा तासन्‌तास कुटतात ते उगाच नाही. पाचवा प्रकार म्हणून कुटलेला कापूस करायचं मनात होतं, पण तोवर सहामाहीचे पेपर घरी आले होते आणि गणिताचे गुण बघून ते राहिलं.

सरांना तक्ता दाखवला. ते म्हणाले, “ताकद एकाच तऱ्हेची असते का? पिशवी ओढून तुटते की कडेला चीर जाऊन फाटते?” म्हणून फाडण्याची चाचणी आली. रुंद पट्टीला मधोमध उभी चीर द्यायची, म्हणजे पायजम्यासारखे दोन पाय होतात. एक पाय वरच्या क्लिपमध्ये, दुसऱ्याला कागदी पेला टांगून त्यात तांदूळ सोडत जायचे. चीर पुढे सरकायला लागली की थांबायचं आणि तोलायचं. इथे आकडे लहान, म्हणून बादली नको. साध्या कागदाची चीर सुमारे ४५ ग्रॅमला धावली, काथ्याची ६५ ला, कापसाची ७० ला आणि केळीची ८५ ला.

म्हणजे ओढण्यात सर्वांत मागे असलेला काथ्या फाडण्यात साध्या कागदाच्या पुढे गेला. कारण तेच, फक्त उलट बाजूने. चीर पुढे जाताना वाटेत लांब धागा आला की तो लगद्यातून घसरत बाहेर ओढावा लागतो आणि त्या घासण्यात जोर खर्च होतो. ओढताना हेच घसरणं तोट्याचं ठरतं. माझ्या मते आख्ख्या प्रकल्पातली शिकण्यासारखी जागा ही होती, आणि केवळ ‘वजन लटकवून बघा’ एवढंच केलं असतं तर ती हातून गेली असती. फाडण्याचे आकडे मात्र एका पट्टीपासून दुसरीपर्यंत बरेच हलतात. चिरेच्या वाटेत किती धागे आले यावर ते अवलंबून. पाच-दहा पट्ट्यांची सरासरी, आणि सोबत सर्वांत कमी-सर्वांत जास्त आकडाही लिहावा.

शोषणाची चाचणी त्यामानाने शांत. १५ मिलिमीटरच्या पट्टीवर पेन्सिलने दर पाच मिलिमीटरला खूण करायची, खालचं एक सेंटिमीटर पाण्यात उभं सोडायचं आणि दहा मिनिटांनी पाणी पाण्याच्या पातळीपासून किती वर चढलं ते वाचायचं. केशाकर्षणाचीच ही मोजणी, कागद उद्योगात हिला क्लेम पद्धत म्हणतात. पाण्यात शाई घालायचा मोह टाळा. शाईचा रंग कागदाला धरून मागे राहतो आणि पाणी त्याच्यापुढे निघून जातं, मग रंगाची उंची पाण्याची म्हणून लिहिली जाते. ओली कड तिरप्या उजेडात स्पष्ट दिसते.

साधा कागद जेमतेम १२ मिलिमीटर चढला. टीपकागदासारखा पिईल असं वाटलं होतं. पण वहीच्या कागदावर शाई पसरू नये म्हणून त्यात पाणी अडवणारं द्रव्य, साइझिंग, घातलेलं असतं आणि लगदा केला तरी त्यातलं बरंच तंतूंवर राहतं. खात्रीसाठी वर्तमानपत्राच्या लगद्याचा एकच ताव केला. त्यावर थेंब टाकला की लगेच नाहीसा होई, वहीच्या तावावर तो थोडा वेळ मण्यासारखा बसे. धाग्यांमध्ये कापूस सर्वांत पुढे, ३१ मिलिमीटर. काथ्या २६, केळी २०. काथ्या स्वतः फार पाणी पीत नाही, पण त्याने ताव आतून पोकळ ठेवल्यामुळे पाण्याला वाटा मिळाल्या. केळीने ताव घट्ट बांधला, त्यामुळे वाटा अरुंद राहिल्या.

डिसेंबर उजाडला आणि कागदपत्रांची पाळी आली. प्रवेश अर्जात प्रकल्पाचं शीर्षक, उपविषय, उद्देश, वैज्ञानिक तत्त्व, लागलेलं साहित्य आणि खर्च, शाळेचा यूडायस क्रमांक, मार्गदर्शक शिक्षकांचं नाव आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का. मुलींचे फोटो आणि प्रकल्प त्यांनीच केल्याचा दाखला वेगळा. मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेले होते, सहीसाठी चार दिवस थांबावं लागलं आणि अर्ज शेवटच्या तारखेला दुपारी पोचला. अर्ज हाती आल्या दिवशीच सही घेऊन ठेवा, मजकूर नंतर शाळेतच भरता येतो का तेही विचारा. खर्चाच्या रकान्यात आमचे ११४० रुपये झाले. चौकटी आणि काटा मिळून ८००, बाकी जाळी, सोडा, कापूस, काथ्याची दोरी, क्लिपा आणि हातमोजे. तक्ता हातानेच लिहिला, आमच्याच कागदावर.

प्रदर्शनाला एक टेबल आणि मागे एक पडदा मिळाला. सकाळी नऊपासून उभं राहायचं होतं आणि परीक्षक आले दुपारी दीडला. डबा टेबलाखाली ठेवा, कारण टेबल सोडता येत नाही. परीक्षक बाईंनी आधी सगळ्या पट्ट्यांचे सुटे आकडे मागितले. मुलींनी कच्ची वही पुढे केली, पाण्याचे डाग पडलेली. बाईंनी सरासरी स्वतः एकदा काढून पाहिली. मग विचारलं, “यातला सर्वांत चांगला धागा कोणता?” लेक म्हणाली, “पिशवीला केळी, टिपायला कापूस. आणि काथ्या घालायचा तर लिहायच्या कागदात नको, पेन अडकतं.” पुढचा प्रश्न होता दहा टक्क्यांऐवजी वीस टक्के केळी घातली तर काय होईल. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि ते तपासलं नाही असं सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

जिल्ह्यासाठी निवड झाली नाही. आमच्या गटातून निवडलेला पाणी गाळण्याचा प्रकल्प खरंच चांगला होता.

जाता जाता बाईंनी विचारलेला एक प्रश्न मात्र घरी आल्यावरही राहिला होता: केळीच्या कागदाची पिशवी पावसात टिकेल का? त्या रविवारी मुलींनी केळीची पट्टी मिनिटभर पाण्यात बुडवून त्याच क्लिपांत लावली. रिकामी बादली अडकवली आणि पट्टी लगेच तुटली, पाणी सोडायची वेळच आली नाही. बादलीऐवजी कागदी पेला लावून पुन्हा सुरुवात केली आहे. कुणाला हे पुढे न्यायचं असेल तर एक सूचना: उरलेला ओला लगदा दोन दिवसांत कुजतो, तो पिळून लाडू वळून उन्हात वाळवून ठेवा. पण चाचणीच्या तावांसाठी तो वापरू नका, एकदा सुकलेला लगदा पुन्हा तितका चिकटत नाही.